उलटी भाजणी

चूक कुणाच्या हातून होत नाही? भट्टीपाशी उभं राहणाऱ्याच्या हातून तर हमखास होते. काकूच्या हातून झालेल्या चुका मोजायला बसलं तर संध्याकाळ व्हायची. पण चूक करायची, छाती पुढे काढून मिरवायची, आणि ती उघडी पडायची वेळ आली की खापर दुसऱ्याच्या डोक्यावर फोडायचं, याला काय म्हणावं? आणि हे करणारा माणूस घरचा जावई असला, म्हणजे त्याला शब्दाने दुखवायचं नाही असं सगळ्या घराने ठरवलेलं असलं, तर मग विचारूच नका.

काकू बुधवारी सकाळी मातीची भांडी बनवायच्या शेडमध्ये कामावर आली. सोमवारी दुपारपासून ती बहिणीकडे गेली होती. बहिणीचं डोळ्याचं ऑपरेशन होतं. पिशवी खुंटीला अडकवते न अडकवते तोच तिला दिसलं की भट्टीचं दार उघडं आहे आणि आतले वाडगे बाहेर टेबलावर मांडून झालेत. एकशे वीस वाडगे. सोमवारी तिने स्वतःच्या हाताने रचलेले.

ती टेबलापाशी गेली आणि जागच्या जागी थांबली. वाडगे लहान झाले होते. पहिल्या भाजणीतून वाडगा बाहेर येतो तो फिकट गुलाबीसर, खडूसारखा कोरडा, जवळजवळ आत गेला तेवढाच. हे राखाडी पडले होते, दगडासारखे. एक उचलून तिने टेबलावर ठेवला तर तो डुगडुगला. काठ गोल राहिला नव्हता, लांबट झाला होता. तीन-चार जोड्या तर एकमेकांना चिकटूनच बाहेर आल्या होत्या.

"बघितलंत काकू? कसे पक्के आलेत!" जावईबापू मागे उभे होते. चार महिन्यांपूर्वी चिनी मातीच्या एका मोठ्या कारखान्यातली नोकरी सोडून ते सासऱ्याच्या धंद्यात आले होते, आणि तेव्हापासून 'आमच्या कारखान्यात' या दोन शब्दांशिवाय त्यांचं एक वाक्य सुरू होत नव्हतं. "आमच्या कारखान्यात पहिली भाजणी कडक आणि दुसरी हलकी. तुम्ही इथे सगळं उलटं करता. मी कंट्रोलरवर नऊशे ऐंशी अंशांचे बाराशे वीस केले."

"काय केलंत?"

"बाराशे वीस. आता ग्लेझ लावून एक हजार साठला काढू. विजेची बचत."

काकूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तोंडातून शब्द फुटेना. राग फार आला की तिचं असंच व्हायचं.

आता यात रागवण्यासारखं काय होतं, ते सांगायला हवं. कारखान्यातल्या नाजूक कपबशांचं शास्त्र वेगळं. तिथे आधी बाराशेच्या वर भाजतात, प्रत्येक नग आपापल्या आधारावर बसवून, म्हणजे वाकत नाही. मग मंद आचेवर वितळणारं खास ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेचा थर होणारं पातळ मिश्रण, गरम नगावर फवारतात. त्यांचं त्यांच्या जागी बरोबर. पण या शेडमध्ये माती वेगळी, ग्लेझ वेगळं, रचण्याची रीत वेगळी. इथे पहिल्या भाजणीत वाडगे एकात एक बसवतात, तीन-तीन. बिनग्लेझचे असतात, नऊशे ऐंशीला चिकटत नाहीत, वाकत नाहीत, जागा वाचते. काकूने सोमवारी तसेच रचले होते. तेच बाराशे वीसला नेल्यावर माती मऊ पडणार, वरच्याच्या वजनाने खालचा बसणार, हे काय सांगायला हवं? हिने इडलीपात्रात रचावं आणि त्याने खाली लोहाराचा भाता लावावा, तशातली गत.

आणि हे वाडगे होते कुणासाठी? शहराच्या टोकाला एक शुश्रूषागृह होतं. तिथल्या मेट्रनबाईंनी ते मागवले होते. हात थरथरणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी. जाड काठ, रुंद बूड, आतून उभी भिंत, म्हणजे चमच्याला घास सापडावा आणि वाडगा जागचा हलू नये. काकूच्या पुतणीने, चिंगीने, महिनाभर चाकावर बसून ते घडवले होते. चिंगी म्हणजे जावईबापूंची बायको. हे नाव तिला बत्तीस वर्षांत एकदाही आवडलं नव्हतं आणि कुणी बदललंही नव्हतं.

तेवढ्यात चिंगीचे वडील आले. काकूचे दीर. काकू त्यांना भावजी म्हणायची. दोघा भावांनी मिळून ही शेड उभी केली होती. थोरल्याने भट्टी बांधली, धाकट्याने चाक धरलं. थोरला गेल्यावर भट्टी काकूने हातात घेतली त्याला बावीस वर्षं झाली. मनगटं गेल्यावर भावजींनी चाक सोडलं आणि ते ऑर्डरी बघू लागले. पण मातीत आयुष्य गेलेला माणूस. त्यांनी एक वाडगा उचलला, नखाने टिचकी मारली. टण्ण असा आवाज आला. भाजलेल्या भांड्याचा, पूर्ण पिकलेल्या भांड्याचा. त्यांनी वाडगा खाली ठेवला, तो डुगडुगला, आणि त्यांनी काकूकडे न बघता जावयाकडे बघितलं.

"छान आहेत," ते म्हणाले.

"भावजी, अहो हे ग्लेझ धरणार नाहीत," काकूला अखेर वाचा फुटली. "पाणीच शोषणार नाहीत तर ग्लेझ बसेल कशावर? आणि बूड बघा यांची!"

"वहिनी, त्यांना करू द्या ना त्यांच्या पद्धतीने. शिकलेला माणूस आहे. बघू तर खरं."

काकू गप्प बसली. का बसली याचा तिला पुढे चार दिवस पश्चात्ताप होत होता.

मग जे झालं ते बघवत नव्हतं. पैलवान म्हणून माती मळणारा एक गडी होता. पन्नास किलोचा असेल नसेल. त्याने काकूच्या बादलीतलं ग्लेझ ढवळून पहिला वाडगा बुडवला. एरवी आतबाहेर सफेद थर बसतो आणि बोट लावायच्या आत वाळतो, कारण कच्ची भाजलेली माती त्यातलं पाणी पिऊन टाकते आणि भुकटी तेवढी अंगावर धरते. हा वाडगा बाहेर आला तो दुधात बुडवलेल्या काचेसारखा. सगळं ओघळून बुडाशी जमा. पैलवानाने काकूकडे बघितलं. काकूने जावईबापूंकडे. जावईबापूंनी बादलीकडे.

"ग्लेझ पातळ आहे," ते म्हणाले.

त्यांनी ते दाट केलं, ब्रशने तीन-तीन हात थापले, वाळवलं. गुरुवारी पुन्हा भट्टी लावली, एक हजार साठला. काकूने परत एकदा सांगून बघितलं, की हे ग्लेझ बाराशे चाळीसला वितळतं, त्याच्या आत ते काच होत नाही, पीठच राहतं. जावईबापू हसले. "काकू, इतकी उष्णता म्हणजे उधळपट्टी आहे."

शनिवारी सकाळी भट्टी उघडली. वाडग्यांवर पांढरट खरखरीत पापुद्रा होता. चुना लावलेल्या भिंतीसारखा. काकूने एकावरून अंगठा फिरवला तर भुकटी हाताला लागली. असल्या वाडग्यातून माणसाने खायचं? आणि तेही म्हाताऱ्या माणसाने?

दुपारी मेट्रनबाई येणार होत्या. अकराच्या सुमाराला भावजींनी काकूला ऑफिसात बोलावलं. ऑफिस म्हणजे शेडच्या कोपऱ्यातली पत्र्याची खोली, एक टेबल, तीन खुर्च्या आणि भिंतीला लावलेले नमुन्यांचे तुकडे. जावईबापू आधीच बसले होते, मोबाइलमध्ये डोकं घालून.

"वहिनी," भावजी म्हणाले, "आज बाईंना काहीतरी सांगावं लागेल. ग्लेझमध्ये खोट निघाली असं सांगू. आणि वाडगे एकात एक रचल्यामुळे वाकडे झाले."

काकूला आधी कळेचना. "ग्लेझ माझं. रचले मी."

"हो, म्हणजे तसंच..."

"म्हणजे दोन्ही चुका माझ्या."

"चुका कशाला म्हणता? आणि यापुढे भट्टी जावईबापू बघतील. तुमचंही वय झालं. पॅकिंगच्या टेबलाशी बसा आरामात, पंख्याखाली."

आता मात्र काकूचा बांध फुटला. बावीस वर्षं! बावीस वर्षं तिने त्या भट्टीच्या तोंडाशी भुवया जाळल्या. पहिले दोन-तीन तास शंभर अंशांच्या आत रेंगाळायचं, मातीत लपलेलं पाणी हळूहळू निघून जाऊ द्यायचं, नाहीतर वाफ होऊन भांडं आतल्या आत फुटतं, हे ती फुटलेली भांडी झाडून शिकली होती. पाचशे त्र्याहत्तरच्या आसपास मातीतला गारगोटीचा अंश अचानक फुगतो, निवताना तिथेच आक्रसतो, म्हणून जातायेता दोन्ही वेळा तिथे घाई करायची नाही, हे तिला नवऱ्याने सांगितलं होतं. त्याच सुमाराला मातीच्या कणाकणात बांधलेलं पाणीही कायमचं सुटतं, त्यानंतर तिचा पुन्हा चिखल होत नाही. पुढे आठशे-नऊशेपर्यंत सगळा कचरा, काजळी जळून जायला हवी, नाहीतर दुसऱ्या भाजणीत तोच कचरा वायू होऊन ग्लेझला फोड आणतो. हे सगळं तिच्या अंगात मुरलं होतं. आणि तिला सांगतात पंख्याखाली बसा!

"भावजी," ती म्हणाली, आणि तिचा आवाज इतका चढला की बाहेर पैलवानाचे मळणारे हात थांबले, "नावाला बट्टा लावायचा असेल तर माझ्या तोंडावर लावा. बाईंच्या समोर. मी तिथे उभी राहीन."

"अहो हळू बोला."

"का हळू बोलू? मी काय चोरी केली?"

जावईबापूंनी मोबाइलमधून मान वर काढली. "काकू, पर्सनल घेऊ नका. आमच्या कारखान्यात..."

"तुमचा कारखाना घाला चुलीत! तिथे असे एकात एक रचून बाराशेला घालत होता का? सांगा. घालत होता?"

जावईबापूंनी मान परत मोबाइलमध्ये घातली.

काकू बाहेर आली. तिला रडू येत होतं आणि रडू येतंय याचाच जास्त संताप येत होता. चिंगी चाकावर बसली होती, हात कोपरापर्यंत चिखलात. पत्र्याच्या भिंतीतून तिने सगळं ऐकलं असणार. काकू तिला काही बोलली नाही. नवरा-बायकोच्या मध्ये कशाला पडा? बिचारीचा संसार आहे, भावजी त्याच्यासाठीच तर हे करत होते. हे काकूला समजत नव्हतं असं थोडंच होतं. समजत होतं म्हणून तर जास्त लागत होतं.

दोन वाजता मेट्रनबाई आल्या. उंच, पांढरे केस, हातात छत्री. टेबलावरचे वाडगे बघून त्यांनी चष्मा सारखा केला. एक वाडगा उचलला, ठेवला, तो डुगडुगला, तशा त्या म्हणाल्या, "हे काय आहे?"

भावजींनी घसा साफ केला. "त्याचं असं झालं बाई, की ग्लेझ जे आहे, ते आमच्या वहिनी बनवतात..."

"थांबा," काकू म्हणाली. ती मोरीतून पाण्याने भरलेलं घमेलं घेऊन आली होती. टेबलावर तिने तीन वाडगे ठेवले. चिंगीच्या फळीवरून आणलेला, नुसता वाळलेला. मागच्या खेपेतला, नऊशे ऐंशीला भाजलेला. आणि हा नवा, जो पैलवानाने ग्लेझ लावायचं विसरून बाजूला ठेवला होता. "बाई, तिन्ही एकाच मातीचे, एकाच हातचे. मोजा."

मेट्रनबाईंनी वीत लावून बघितलं. पहिले दोन जवळजवळ सारखे. तिसरा बोटभर आखूड.

काकूने वाळलेला वाडगा पाण्यात सोडला. बुडबुडे आले, काठ ढासळला, आणि दोन-चार मिनिटांत घमेल्याच्या तळाशी चिखलाचा ढीग झाला. "ही कच्ची माती. पाणी लागलं की परत माती." मग तिने नऊशे ऐंशीवाल्यावर ओलं बोट फिरवलं. ओल डोळ्यांदेखत नाहीशी झाली. "हा भाजलाय, पण तहानलेला आहे. जिभेला लावा, चिकटतो." मेट्रनबाईंनी खरंच लावून बघितला आणि त्यांना हसू आलं. "याच्यावर ग्लेझ बसतं." पैलवान न सांगता बादली घेऊन आला. त्याने वाडगा बुडवून काढला. थर एकसारखा, लगेच कोरडा. "आणि हा," काकूने तिसरा उचलला, "आधीच पूर्ण पिकलाय. आतली भोकं बुजली. याला तहानच नाही." पैलवानाने तोही बुडवला. ग्लेझ ओघळून त्याच्या चपलेवर सांडलं.

"तुमच्याकडे नमुन्याचा वाडगा आहे ना?" काकूने विचारलं.

"आहे. चार महिने रोज वापरतोय. आरशासारखा आहे."

"तो याच बादलीतल्या ग्लेझचा. पण पहिली भाजणी नऊशे ऐंशी, आणि दुसरी बाराशे चाळीस. दुसरीत माती आणि ग्लेझ बरोबरीने वितळायला लागतात, एकमेकांत धरतात, म्हणून त्याला पाणी लागत नाही आणि थर निघत नाही. इथे पहिलीला दुसरीचा जाळ दिला आणि दुसरीला..."

"वहिनी, पुरे," भावजी म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. ते मेट्रनबाईंकडे वळले. "बाई, खरं म्हणजे या खेपेची मातीच खराब आली."

काकूचा तर विश्वासच बसेना. तिच्यावर ढकलता आलं नाही, ग्लेझवर ढकलता आलं नाही, म्हणून आता माती! तिला बोलता येत नाही म्हणून!

चाक थांबलं. चिंगी उठली. ओले हात तसेच अंगापासून दूर धरून ती वडिलांसमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, माती मी मळून घेतली. मी घडवली. महिनाभर. काय खराब होतं तिच्यात?"

"अगं, मी तुझ्यासाठीच..."

"माझ्यासाठी? माझे एकशे वीस वाडगे गेले आणि तुम्ही माझ्यासाठी खोटं बोलताय?" तिने नवऱ्याकडे बघितलं. "तुम्ही बोला. चूक सांगितल्याने मी काय घर सोडून जाणार आहे? पण हे असंच चाललं तर सांगता येत नाही."

जावईबापूंचे कान लाल झाले. त्यांनी एकदा भट्टीकडे, एकदा चपलेवर ग्लेझ सांडलेल्या पैलवानाकडे बघितलं. "मी बदललं," ते हळूच म्हणाले. "तापमान. काकू नव्हत्या तेव्हा. मला वाटलं... इथेही तसंच चालेल."

"मोठ्याने," चिंगी म्हणाली.

"मी बदललं. काकूंची चूक नाही."

मेट्रनबाईंनी छत्री टेबलाला टेकवून ठेवली. त्यांना कुणाच्या संसारात रस नव्हता. "मला वाडगे कधी मिळतील?" त्यांनी विचारलं. आणि विचारलं कुणाला, तर काकूला.

काकूने मनाशी हिशोब केला. घडवायला महिना, सावलीत वाळायला आठ दिवस, दोन भाजण्या आणि दोन्ही वेळचं निवणं. "दीड महिना. घाई केली तर तडे जातील."

"घाई करू नका," बाई म्हणाल्या आणि गेल्या.

चिंगी परत चाकावर बसली. जावईबापू गुपचूप डुगडुगणारे वाडगे पोत्यात भरू लागले. पैलवानाने मातीचा गोळा आपटला, नेहमीपेक्षा जोरात. भावजी मात्र तिथेच उभे होते. थोड्या वेळाने ते काकूपाशी आले. काकू ग्लेझची बादली झाकत होती.

"झालं ना वहिनी? बाईंच्या समोर सगळं उघड झालं. भट्टी तुमचीच आहे. आता तरी राग सोडा."

काकूने झाकण नीट दाबून बसवलं. तिचा आवाज आता चढला नव्हता.

"त्यांच्यावर नाही माझा राग, भावजी. त्यांना माहीत नव्हतं. तुम्ही बुधवारी टिचकी मारलीत ना, तेव्हाच तुम्हाला कळलं होतं."

नाही म्हणायला भावजींना तोंड नव्हतं, आणि हो म्हणायला आता उशीर झाला होता. काकूने बादली उचलली आणि त्यांना वळसा घालून ती आत गेली.